कोकणच्या उकाड्यात कोल्ड ब्रू: घरचं कॉन्सन्ट्रेट, भिजवण्याचा वेळ आणि फ्रिजमधलं आयुष्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोल्ड ब्रूच्या बहुतेक कृतींत एक वाक्य हमखास असतं: "खोलीच्या तापमानाला १६ ते २४ तास ठेवा." ती खोली असते वीस-बावीस अंशांची. रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनचं स्वयंपाकघर मे महिन्यात दुपारी ३२-३३ अंशांवर असतं आणि रात्रीही फारसं निवत नाही. त्या एका फरकामुळे भिजवण्याचा वेळ बदलतो, पाण्याची काळजी वाढते आणि बाटली किती दिवस टिकेल याचं गणितही वेगळं होतं. खालची उत्तरं आपल्या किनाऱ्यावरची हवा, पाणी आणि वीज धरून दिली आहेत.

कोल्ड ब्रू आणि आइस्ड कॉफी यांत नेमका फरक काय?

आइस्ड कॉफी गरम पाण्यात उतरवतात आणि मग बर्फावर थंड करतात. कोल्ड ब्रूला गरम पाण्याचा स्पर्शच होत नाही. जाडसर दळलेली कॉफी थंड किंवा साध्या पाण्यात कित्येक तास भिजत ठेवायची आणि गाळून घ्यायची, एवढंच. ग्लासात दोन्ही सारख्याच काळ्या आणि गार दिसतात, पण पहिल्या घोटातच वेगळेपण कळतं.

गरम पाणी कॉफीतली आम्लं, कडवट घटक आणि सुवास काही मिनिटांत ओढून काढतं. म्हणून आइस्ड कॉफीला नाकात भरणारा वास असतो, चवीला थोडी आंबट धार असते. थंड पाणी सावकाश काम करतं आणि काही घटक तर पुरते ओढतच नाही. त्यामुळे कोल्ड ब्रू गोडसर आणि गुळगुळीत लागते, चॉकलेट किंवा भाजलेल्या दाण्यांच्या चवीकडे झुकते, मात्र तिचा वास मंद असतो. ज्यांना कॉफीचा फुलांसारखा, फळांसारखा सुगंध हवा त्यांनी आइस्ड कॉफीच करावी. दुधात घालायला, रोज सकाळी पटकन ओतून घ्यायला आणि चार-पाच दिवस ठेवायला कोल्ड ब्रू बरी.

टिकण्यातला फरकही मोठा आहे. गरम उतरवलेली कॉफी गार करून ठेवली की काही तासांतच तिची चव शिळी आणि तुरट होऊ लागते. कोल्ड ब्रूमध्ये हा बदल बराच हळू होतो, म्हणून तिचं कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी किंवा दूध घालून प्यायचा दाट अर्क, करून ठेवण्यात अर्थ आहे.

मग आपण घरी करतो ती "कोल्ड कॉफी" कुठली?

दूध, साखर, इन्स्टंट पावडर आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवून करतो ती या दोन्हींपेक्षा वेगळी. इन्स्टंट पावडर म्हणजे आधीच उतरवून वाळवलेली कॉफी. ती पाण्यात लगेच विरघळते, तिच्यात भिजवून काढण्यासारखं काही उरलेलं नसतं. त्यामुळे इन्स्टंटची कोल्ड ब्रू होत नाही, रात्रभर ठेवली तरी नाही.

आज लगेच हवी असेल तर आइस्ड कॉफी कशी करायची?

लोक नेहमीची कॉफी करून तीत बर्फ टाकतात आणि मग ती पाणचट झाली म्हणतात. बर्फ वितळून पाणी होणारच, म्हणून तेवढं पाणी आधीच कमी घ्यायचं. २० ग्रॅम कॉफीला १८० मिली गरम पाणी आणि खाली ग्लासात १२० ग्रॅम बर्फ, असं प्रमाण धरा. पाण्यातलं थोडं कॉफी धरून ठेवते, खाली साधारण १४० मिली उतरते, आणि ती गार होईपर्यंत हा बर्फ जवळपास सगळा वितळतो. प्यायला आणखी दोन-चार खडे वरून टाका. साउथ इंडियन फिल्टर असेल तर त्याचं दाट डिकॉक्शन थेट बर्फावर ओता. गरम कॉफी ओट्यावर तासभर निवत ठेवू नका, त्या तासातच वास उडून जातो.

बर्फाबद्दल एक सांगणं गरजेचं आहे. बंदरावर मासळीसाठी मिळणारा लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर रंगाचा करण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. तरीही रंगावर विसंबू नका. उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ घरच्या ट्रेमध्ये लावा.

कॉन्सन्ट्रेटसाठी कोणती कॉफी घ्यावी? घरातली फिल्टर कॉफी पावडर चालेल का?

पाकीट उलटून मागे बघा. चिकोरी मिसळलेली असेल तर तिची टक्केवारी छापलेली असते. भारतात विकल्या जाणाऱ्या कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. चिकोरी थंड पाण्यातही झपाट्याने उतरते. तिचा गडद रंग बघून कॉफी तयार झाली असं वाटतं, पण हातात येतो तो जळक्या गुळासारख्या चवीचा, दाट, कॉफी कमी असलेला रस. गाळतानाही तिचा चिखल कापडावर बसतो. कोल्ड ब्रूला शंभर टक्के कॉफीच हवी.

चिकमगळूर किंवा कोडगूची मध्यम ते थोडी गडद भाजलेली अरेबिका छान जमते. रोबस्टात कॅफिन जवळपास दुप्पट असतं आणि थंड पाण्यात तिचा मातकट कडवटपणाही उतरतो. दुधात प्यायची असेल तर तीन भाग अरेबिकाला एक भाग रोबस्टा चालते, काळी प्यायची असेल तर नको.

आख्ख्या बिया आणणं आपल्याकडे जास्त शहाणपणाचं. पावसाळ्यात दळलेली पूड दमट हवा शोषते आणि आठ-दहा दिवसांतच वासाला मंदावते. शिवाय कॉफी आजूबाजूचा वास लगेच धरते. सोडे-सुकटीच्या डब्याच्या फडताळात कॉफी ठेवली तर पुढची बाटली त्याच वासाची होईल. घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात ठेवा.

दळायची किती जाड? ग्राइंडर नाही, मिक्सर आहे.

इडली रव्याएवढी. बोटांत चोळल्यावर दाणा वेगळा जाणवला पाहिजे, पिठासारखा चिकटता कामा नये. पूड बारीक झाली तर दोन गोष्टी होतात: तुरट भाग जास्त उतरतो आणि गाळण तुंबतं.

मिक्सरमध्ये एका वेळी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त बिया घेऊ नका. चटणीचं छोटं भांडं घ्या, बटण उलट्या बाजूला वळवून एक-एक सेकंदाचे झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सात-आठ झटक्यांत काम होतं. मिक्सरमध्ये दाणे एकसारखे होत नाहीत, काही पीठ पडतंच. ते पीठ चहाच्या गाळणीतून हलक्या हाताने चाळून काढा आणि बाजूला ठेवा, गरम कॉफीला कामी येतं. चाळल्यानंतर वजन पुन्हा करायला विसरू नका.

पाणी साधं नळाचं किंवा विहिरीचं चालेल?

उकळलेलं नसेल तर नाही. गरम कॉफीत पाणी उकळतंच, त्यामुळे आपण त्याचा फारसा विचार करत नाही. कोल्ड ब्रूमध्ये उकळण्याची पायरीच नाही. पाण्यात जे आहे ते कॉफीत येणार आणि पुढचे सात दिवस बाटलीत राहणार. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं तेव्हा तर हे हमखास पाळायचं: पाणी खळखळून उकळा, झाकून पूर्ण गार करा, मग वापरा.

चवीचं म्हणाल तर जांभ्याच्या भागातलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, कॉफीला ते चांगलं. पण त्यात लोह जास्त असेल, भांड्याला तांबूस डाग पडत असतील, तर कॉफीला धातूची चव येते. समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तो खारटपणा कॉन्सन्ट्रेटमध्ये लपत नाही, उलट उठून दिसतो. अशा वेळी फिल्टरचं किंवा जारचं पाणी घ्या.

प्रमाण आणि कृती नेमकी सांगा.

एका माणसाला चार-पाच दिवस पुरेल असा घाणा धरू: १०० ग्रॅम कॉफी, ५०० मिली पाणी, एक लिटरची काचेची बरणी. म्हणजे एकास पाच. कॉफी वजनानेच घ्या. चमचा कितपत भरला आणि दळण किती जाड, यावर चमच्याचं वजन दीडपटही बदलतं. वजनकाटा अगदीच नसेल तर जाड दळलेल्या कॉफीचा २४० मिलीचा एक सपाट कप म्हणजे साधारण ८० ते ८५ ग्रॅम, असं धरून चालता येईल.

बरणी आणि झाकण उकळत्या पाण्याने धुऊन पालथी घाला आणि कोरडी होऊ द्या. कॉफी बरणीत घ्या, आधी साधारण २०० मिली पाणी ओता आणि लांब दांड्याच्या चमच्याने तळापासून ढवळा. ताजी भाजलेली कॉफी असेल तर ती फुगून वर येते, फेसाळ टोपी धरते. त्या टोपीच्या आत कोरड्या गुठळ्या राहिलेल्या असतात आणि त्या तशाच राहिल्या तर तेवढी कॉफी फुकट जाते. म्हणून चमच्याने टोपी मोडून खाली दाबा, मग उरलेलं ३०० मिली पाणी घाला. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा. आता सगळी पूड काळीभोर ओली दिसली पाहिजे, कुठे फिकट तपकिरी ठिपका दिसता कामा नये. त्यानंतर हात लावायचा नाही. सारखं ढवळत राहिलं की बारीक कण सुटतात आणि कॉफी गढूळ होते.

झाकण लावून बरणी तासभर ओट्यावर ठेवा, मग फ्रिजमध्ये. गाळल्यावर ५०० मिली मिळणार नाही. एक ग्रॅम कॉफी साधारण दोन मिली पाणी धरून ठेवते, म्हणजे २०० मिली चोथ्यातच राहतं आणि हातात येतं ३०० मिलीच्या आसपास. पहिल्यांदा करणाऱ्यांना वाटतं कुठेतरी सांडलं. तसं नाही, हिशेबच तसा आहे.

किती तास भिजवायची? बाहेर ठेवू की फ्रिजमध्ये?

आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबरपर्यंत फ्रिजमध्येच ठेवा आणि १६ ते २० तास द्या. सोयीचं वेळापत्रक असं: शनिवारी रात्री नऊला भिजत घाला, दहाला फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी दुपारी तीनला गाळा. ओट्यावरचा पहिला तास धरून अठरा तास झाले.

त्या पहिल्या तासाचं काम वेगळं आहे. पूड पूर्ण भिजते, आतला वायू निघून जातो आणि चव उतरायला सुरुवात होते. सुरुवातीपासून चार अंशांच्या गारठ्यात ठेवलं तर हीच गोष्ट फार रेंगाळते. पण तासाचे चार तास करू नका. तयार अन्न ३२ अंशांच्या वर असलेल्या हवेत एका तासापेक्षा जास्त ठेवू नये, हा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियम इथेही लागू आहे.

पूर्ण वेळ बाहेर भिजवायची पद्धत चुकीची नाही, पण ती थंड खोलीसाठी आहे. तीस अंशांवर कॉफी वेगाने उतरते आणि दहा-बारा तासांतच जे मिळायचं ते मिळालेलं असतं. त्यापुढे लाकडी, तुरट चव येऊ लागते. उसाचा चोथा चघळल्यासारखी जीभ कोरडी पडते, तीच खूण. शिवाय कॉफीचा पीएच ५ च्या आसपास असतो, म्हणजे लोणच्याच्या खारासारखं आम्ल तिचं रक्षण करत नाही. कोमट, दमट हवेत बारा-पंधरा तास म्हणजे जिवाणूंनाही तेवढाच वेळ. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारवा असतो तेव्हा रात्री दहा ते सकाळी दहा बाहेर ठेवायला हरकत नाही, पण उन्हं वर येण्याआधी गाळून फ्रिजमध्ये गेलीच पाहिजे.

जास्त वेळ म्हणजे जास्त कडक, हा समज सोडून द्या. पहिल्या सहा-सात तासांतच बहुतेक कॅफिन पाण्यात आलेलं असतं. पुढचे तास चवीला अंग देण्यासाठी. फ्रिजमध्येही २४ तासांच्या पुढे नेऊ नका. कडक हवी असेल तर कॉफी वाढवा, तास वाढवू नका.

गाळताना नेहमी गढूळ होते. काय चुकतं?

एकाच गाळणीने काम उरकलं जातं आणि शेवटी चोथा पिळला जातो, या दोनच चुका बहुतेक वेळा असतात.

आधी बरणी हलवू न देता स्टीलच्या जाळीच्या गाळणीतून ओता, म्हणजे मोठा चोथा अडतो. मग मोठ्या गाळणीत पंचा किंवा मलमलचं कापड दुहेरी घालून पुन्हा गाळा. सुरुवातीला धार पडते, मग धारेचे थेंब होतात आणि थेंबांमधलं अंतर वाढत जातं. इथे हात शिवशिवतात आणि माणूस पुरचुंडी बांधून पिळतो. चक्क्यासारखं इथे पिळायचं नाही. पिळल्याने मिळतात फार तर दोन चमचे, आणि त्यांच्याबरोबर कापडातून सुटलेला सगळा गाळ खाली येतो. तो गाळ बाटलीत भिजतच राहतो, म्हणून तिसऱ्या दिवशी कॉफी कडवट लागते. पंधरा-वीस मिनिटं थेंब पडू द्या आणि उरलेलं सोडून द्या.

कागदी फिल्टर मिळत असेल तर शेवटचा हात त्याचा द्या, कॉफी स्वच्छ होते आणि जास्त दिवस छान लागते. नसेल तर गाळलेलं कॉन्सन्ट्रेट तीन तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवा आणि वरचं निवळ दुसऱ्या बाटलीत काढून तळाचं बोटभर सोडा. गाळायचा पंचा फक्त कॉफीसाठी ठेवा, साबण न लावता गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवा. साबणाचा वास कापडातून कॉफीत उतरतो. पावसाळ्यात कापड नीट वाळत नाही, कुबट वास येतो, तेव्हा वापरण्याआधी पुन्हा पाच मिनिटं उकळा.

चव बिघडली तर कारण कसं ओळखायचं?

पाणचट आणि थोडी आंबट लागली तर कॉफी पुरेशी उतरलेली नाही: दळण फार जाड, पूड कोरडी राहिलेली, किंवा फ्रिज फार गार आणि वेळ कमी. पुढच्या वेळी फक्त एकच गोष्ट बदला, शक्यतो दळण. तुरट, लाकडी, जीभ आवळणारी लागली तर उलट, जास्त उतरली आहे. दाट आणि चिकट गोडसर वाटली तर पाकिटावरची चिकोरी पुन्हा तपासा. आणि बांगड्याचा वास आला तर कॉफीचा दोष नाही, झाकणाचा आहे. मासळी आणि कॉन्सन्ट्रेट एकाच फ्रिजमध्ये राहू शकतात, पण मासळी बंद डब्यात आणि कॉफी रबराची कडी असलेल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत हवी. प्लॅस्टिकची बाटली वास धरते आणि सोडत नाही.

प्यायला किती पाणी घालायचं? कॅफिन किती असतं?

६० मिली कॉन्सन्ट्रेट, ९० ते १२० मिली पाणी किंवा दूध आणि चार-पाच खडे बर्फ. बर्फ भरपूर असेल तर ९० मिलीच घ्या. ३०० मिलीत असे पाच ग्लास होतात.

कॅफिनचा हिशेब करून बघू. अरेबिकात वजनाच्या साधारण १.२ टक्के कॅफिन असतं, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १२०० मिलीग्रॅम. त्यातलं बरंचसं पाण्यात येतं, पण पाचपैकी दोन भाग पाणी चोथ्यात अडकतं, त्यामुळे आपल्या बाटलीत येतं अंदाजे ६५० मिलीग्रॅम. पाच ग्लासांत वाटलं तर दर ग्लासाला सुमारे १३०. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलीग्रॅमच्या वर आणि गरोदर बाईने २०० च्या वर जाऊ नये, असा सर्वमान्य सल्ला आहे. कॉन्सन्ट्रेट गुळगुळीत लागतं म्हणून कमी कडक वाटतं, तिथेच फसायला होतं. पाहुण्यांना बाटली देताना "यात पाणी घालायचं आहे" हे तोंडाने सांगा. रोबस्टा असेल तर आकडा दुपटीकडे जातो.

फ्रिजमध्ये किती दिवस टिकते?

नुसतं कॉन्सन्ट्रेट, नीट गाळलेलं, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत, ४-५ अंशांवर: सात दिवस चांगल्या चवीचे, दहा दिवस हद्द. ठिकठिकाणी दोन आठवडे लिहिलेलं असतं. कारखान्यासारखी स्वच्छता आणि दार क्वचित उघडणारा फ्रिज असेल तर ते जमेलही. पण आपल्या घरी उन्हाळ्यात पाण्याच्या बाटल्यांसाठी फ्रिजचं दार दिवसभर उघडत असतं, आतलं तापमान चढउतार करतं. म्हणून आठवड्याचा हिशेब धरा. बाटली दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर गाळल्याची तारीख लिहा, भिजत घातल्याची नव्हे.

पाणी घालून ठेवलेली कोल्ड ब्रू दोन, फार तर तीन दिवस. दूध घातलं की त्याच दिवशी संपवायची. नारळाचं दूध घातलं तर काही तासांतच, कारण ते गाईच्या दुधापेक्षाही लवकर आंबतं. म्हणून ग्लासापुरतंच मिसळा, बाटलीत नेहमी नुसतं कॉन्सन्ट्रेट असू द्या.

जास्त झालंच तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठल्यावर खडे झाकणाच्या डब्यात काढा, महिना-दोन महिने चालतात, फक्त वास थोडा कमी होतो. दुधात हे खडे टाकले तर कॉफी पातळ होण्याऐवजी हळूहळू कडक होत जाते.

खराब झाली हे कसं कळतं?

तळाला बारीक गाळ बसणं ही खराबी नाही. पण झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला, कडेला बुडबुडे दिसले, पिकलेल्या फणसासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला, वर पांढरट साय दिसली किंवा ओतताना तार धरली, तर चाखून न बघता ओतून द्या. उकळून वाचवायला जाऊ नका. आणि वरचं काही दिसत नाही म्हणून बाराव्या दिवशीची बाटली सुरक्षित ठरत नाही, काही जिवाणू वास किंवा रंग बदलत नाहीत.

वादळात वीज गेली तर?

पावसाळ्याच्या तोंडाला आणि वादळात हा प्रश्न येतोच. २०२० च्या निसर्ग वादळानंतर काही गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. फ्रिजचं दार उघडलं नाही तर साधारण चार तास आतला गारवा टिकतो. तेवढ्यात वीज आली तर कॉन्सन्ट्रेटला काही होत नाही. रात्रभर गेली आणि सकाळी बाटली हाताला गार लागत नसेल, तर ती टाकून द्या. जिवाणूंची झालेली वाढ पुन्हा थंड केल्याने परत जात नाही.

कॉफी भिजत असतानाच वीज गेली तर आणखी सोपं आहे. आठ-दहा तास झाले असतील तर तेव्हाच गाळा, ट्रेमधला बर्फ घालून त्याच दिवशी प्या. वीज नुकतीच गेली असेल आणि लवकर येण्याची आशा नसेल, तर थर्मोकोलच्या स्वच्छ डब्यात बर्फात बरणी उभी करून अर्धा दिवस काढता येतो.

होमस्टेतल्या पाहुण्यांसाठी बाटल्या भरून, सील करून बाहेर ठेवता येतील का?

बाहेर नाहीच. हवाबंद, कमी आम्लाची आणि न उकळलेली बाटली उबदार जागी ठेवणं धोक्याचं आहे, कारण बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू नेमक्या अशाच जागी वाढतात आणि ते वासाने कळत नाहीत. दुकानात शेल्फवर दिसणारे डबे कारखान्यात उष्णतेची किंवा तशीच दुसरी प्रक्रिया केलेले असतात. ती घरच्या कुकरने साधत नाही. पाहुण्यांसाठी दोन-तीन दिवसांपुरतंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि ग्लासात मिसळूनच द्या. बाटल्या विकायच्या असतील तर आधी अन्नसुरक्षा नोंदणी लागते.

साखर खाली बसते. आणि शहाळ्याच्या किंवा कोकमाच्या पाण्यात घालतात ते कसं?

गार पाण्यात साखर नीट विरघळत नाही, म्हणून पाक वापरा: एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत गरम करून गार करा. एका ग्लासाला दोन-तीन चहाचे चमचे पुरतात. गूळ आवडत असेल तर त्याचाही असाच पाक करून गाळून घ्या.

शहाळ्याचं पाणी आणि कोल्ड ब्रू यांची जोडी खरोखर छान जमते. १५० मिली गार शहाळ्याच्या पाण्यात ४० मिली कॉन्सन्ट्रेट, साखर अजिबात नको. शहाळं फोडल्याबरोबर मिसळा आणि लगेच प्या, कारण ते पाणी उकाड्यात पटकन आंबूस होतं. कोकमाबरोबर हात आखडता ठेवा: एक चमचा आगळ, पाक, सोडा आणि वरून ३० मिली कॉन्सन्ट्रेट. यात दूध घालू नका, कोकमाच्या आम्लाने ते फाटेल.

कोल्ड ब्रूने पित्त होत नाही म्हणतात, खरं का?

अर्धवट खरं. गरम आणि थंड, दोन्ही कॉफींचा पीएच जवळपास सारखाच येतो. थंड पद्धतीत एकूण आम्लं काहीशी कमी उतरतात, त्यामुळे काहींना ती सोसते. कॅफिन मात्र तेवढंच असतं, कधी जास्तच, आणि पित्त खवळायला तेही कारण होतं. ज्यांना त्रास आहे त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये आणि ६० ऐवजी ३० मिलीपासून सुरुवात करावी.

उरलेला चोथा दुसऱ्यांदा भिजवला तर?

रंग येतो, चव येत नाही, आणि ओला चोथा आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो. उन्हात पसरून वाळवा आणि थोडा-थोडा कंपोस्टमध्ये मिसळा. कुंडीत थर देऊ नका, त्याची पापडी बनते आणि पाणी मुळापर्यंत पोचत नाही.